पाच प्रश्न आणि रात्री साडेनऊची वीज

फोनवरचे फसवे मेसेज ओळखायला शिकवण्याचा माझा तास पहिल्या वर्षी झकास झाला, असं मला दोन आठवडे वाटत होतं. नववीच्या वर्गापुढे मी आठ मेसेज ठेवले होते. लॉटरी, फुकट लॅपटॉप, बँकेचं केवायसी, वीज तोडणार, असे सगळे. मुलांनी आठच्या आठ फसवे म्हणून ओळखले, अगदी मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. मी खूश. मग चाचणीत सहज म्हणून महावितरणचा एक साधा मेसेज घातला. देखभालीच्या कामासाठी अमुक दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन वीज बंद राहील, एवढाच. पूर्ण खरा, माझ्याच फोनवर आलेला. जवळजवळ सगळ्या वर्गाने त्यापुढे 'फसवा' लिहिलं. एकाने कारणही दिलं होतं, "मॅडमनी दिलाय म्हणजे खोटाच असणार."

तो पेपर मी जपून ठेवलाय. मेसेज कसा तपासायचा हे मुलं शिकलीच नव्हती, मॅडमच्या मनात काय आहे हे ओळखायला तेवढी शिकली होती. आणि सगळंच खोटं मानणारा मुलगा सुरक्षित असतो असंही नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी आहे, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा, असा खरा मेसेज आला तर तोही हा मुलगा पुसून टाकणार.

तेव्हापासून तासाची मांडणी बदलली. शाळेत फोन आणायला बंदी, त्यामुळे सगळं कागदावर. सहा मेसेजच्या झेरॉक्स काढते, तीन खरे, तीन खोटे, आणि हे तीन-तीनचं प्रमाण मुलांना सांगत नाही. झेरॉक्स काढताना वरची पट्टी, म्हणजे मेसेज कुठून आला ती ओळ, कापली जाणार नाही एवढं बघायचं. एकदा ती कापली गेली आणि अर्धा तास वाया गेला. पाच-पाच जणांचे गट, ३५ मिनिटांच्या दोन तासिका, त्या लागोपाठ नकोत, मध्ये एक रात्र हवी. ती का, ते पुढे येईल. पहिली दहा मिनिटं मी काहीच शिकवत नाही. गटाने प्रत्येक चिठ्ठीवर 'खरा', 'खोटा' किंवा 'आत्ता सांगता येत नाही' यापैकी एक लिहायचं. तिसऱ्या उत्तराला पूर्ण गुण आहेत हे आधीच सांगते. तरी पहिल्या फेरीत ते कुणी लिहीत नाही. 'माहीत नाही' म्हणायची आपल्या मुलांना शाळेत इतकी भीती बसलेली असते, की चुकीचं उत्तर ती बिनधास्त लिहितील, पण हे लिहिणार नाहीत.

मग फळ्यावर पाच प्रश्न येतात. हे वाचून माझ्या पोटात काय झालं? हे मुळात पाठवलं कुणी? माझ्याकडून नेमकं काय करून हवंय? मेसेजच्या बाहेर जाऊन हे कुठे विचारता येईल? आणि उद्या सकाळपर्यंत थांबलो तर काय बिघडेल? एका प्रशिक्षणात मला सुचवलं गेलं होतं की प्रश्नांच्या आद्याक्षरांचा एखादा लक्षात राहणारा शब्द करा. मी दोन रात्री प्रयत्न केला. 'पोमुमामेउ' असं काहीतरी निघालं आणि मी तो नाद सोडला. हाताला पाच बोटं आहेत, तेवढं पुरतं.

आता हे प्रश्न चालवायचे कसे, ते त्या साडेनऊच्या मेसेजवरच सांगते, कारण दरवर्षी तास त्याच्याभोवतीच फिरतो. २०२२ च्या सुमारास तो घरोघरी पोचला होता. मूळ मोडक्या इंग्रजीत. मतलब असा, की प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचं बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता वीज कार्यालयाकडून तुमचा पुरवठा तोडला जाईल, ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी या नंबरवर संपर्क करा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, इंग्लिश चुकलंय म्हणजे फेक." ही खूण मी पहिल्या झटक्यात पुसून टाकते. भामट्यांना आता व्यवस्थित भाषा लिहिता येते, आणि सरकारी खात्यांच्या अस्सल मेसेजमधलं मराठी वाचलंय का तुम्ही? वर्ग हसतो, पण मुद्दा पोचतो. शुद्धलेखन आपल्या पाच प्रश्नांत नाही, ते यासाठीच.

पहिला प्रश्न, पोटात काय झालं. हा मुलांना बालिश वाटतो. म्हणून मी चिठ्ठीवरचा तो एकच शब्द शोधायला सांगते ज्याने धडधड झाली. कुणी 'तोडला' म्हणतं, कुणी 'ताबडतोब'. एका वर्षी एका मुलीने '९.३०' या आकड्यावर बोट ठेवलं. का, तर म्हणे, "त्या वेळी ऑफिस बंद असतं. विचारणार कुणाला?" मी स्वतः तो मेसेज शंभरदा वाचला होता आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ऑफिस बंद झालेलं, रात्र पडलेली, घरात म्हातारी माणसं, उद्या मुलाची परीक्षा. भीती शब्दांत कमी आणि वेळेत जास्त भरलेली होती. लॉटरीच्या मेसेजमध्ये हीच जागा हाव घेते, अफवेत राग घेतो. पोटात काही हललं म्हणजे मेसेज खोटा, असं नाही. खऱ्या वाईट बातमीनेही पोटात गोळा येतोच. हललं, तर उरलेले चार प्रश्न विचारायचेच, एवढाच या प्रश्नाचा अधिकार.

दुसरा प्रश्न सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. महावितरणचे एसएमएस दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, `VM-MSEDCL` अशा नावाने येतात. पुढची दोन अक्षरं टेलिकॉम कंपनीची आणि विभागाची, त्यानंतर संस्थेचं नोंदवलेलं नाव. २०२५ पासून अशा नावांना मागे शेपूटही लागलं आहे, जाहिरातीला P, सेवेच्या मेसेजला S, व्यवहाराला T, सरकारी मेसेजला G. माझ्या खऱ्या चिठ्ठ्यांवर मुलं हे शोधतात आणि त्यांना गुप्तहेर झाल्यासारखं वाटतं. साडेनऊच्या मेसेजवर साधा मोबाइल नंबर आहे, म्हणजे इथे उत्तर सापडलं. व्हॉट्सॲपवर त्याच नंबराला महावितरणचं बोधचिन्ह लावलेलं असलं तरी फरक पडत नाही, प्रोफाइलचा फोटो कुणीही काहीही लावतो.

पण इथेच थांबलं तर घात होतो. माझ्या सहा चिठ्ठ्यांत एक लग्नपत्रिका असते. पाठवणारा 'मामा', नंबर खरा मामाचाच, सोबत शेवटी `.apk` असलेली फाइल. मुलं म्हणतात, मामांनी पाठवलंय, खरं आहे. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. `.apk` म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. ते बसवलं आणि मागेल त्या परवानग्या दिल्या, की ते तुमचे एसएमएस वाचू लागतं, ओटीपीसकट, आणि पुष्कळदा तुमच्याच नावाने तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तीच पत्रिका पाठवतं. मामांचा फोन आधीच गेलेला असतो, मामांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून प्रश्नात 'मुळात' हा शब्द आहे. ज्याच्याकडून माझ्यापर्यंत आलं तो माणूस, आणि ज्याने ते घडवलं तो, हे दोघं वेगळे असू शकतात.

तिसरा प्रश्न, माझ्याकडून काय करून हवंय. इथे मी क्रियापदाखाली रेघ मारायला सांगते. व्याकरणाचा तास वाटतो, पण उपयोगी पडतो. वीज बंद राहील या खऱ्या मेसेजमध्ये वाचणाऱ्यासाठी क्रियापदच नाही, त्याला तुमच्याकडून काही नको. साडेनऊच्या मेसेजमध्ये आहे, 'संपर्क करा'. मुलं म्हणतात, फोनच तर करायचाय, फोन केल्याने पैसे कुठे जातात? बरोबर आहे, फोनने जात नाहीत. मग मी एका मुलाला 'अधिकारी' करते आणि पुढची पायरी बोलायला लावते. अधिकारी ओरडत नाही, उलट फार आदराने बोलतो. "काकू, बिल भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टिमला अपडेट झालेलं नाही. दहा रुपये भरा, लगेच होईल." दहा रुपयांना कोण नाही म्हणणार? "जमत नाहीये? मी मदत करतो, एवढं अ‍ॅप घ्या." ते अ‍ॅप स्क्रीन शेअरिंगचं. आता काकूंच्या फोनवर जे दिसतं ते सगळं त्यालाही दिसतं, कार्डाचे आकडे, बँकेचा ओटीपी, सगळं. दहा रुपये त्याला नकोच होते. मेसेज ज्या लहानशा कामाला लावतो ते काम पुढच्या दाराची कडी असते, आणि ती कडी आपल्याच हाताने काढून घेतली जाते.

चौथ्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्य तपासणारे यांना अनोळखी वेबसाइट तपासायला बसवलं होतं. इतिहासाचे अभ्यासक आणि हुशार विद्यार्थी त्याच पानावर खाली-वर करत बसले, बोधचिन्ह बघत, पत्ता बघत, भाषा बघत. तथ्य तपासणारे पानावर क्षणभर थांबून बाहेर पडले आणि इतर लोक या पानाबद्दल काय म्हणतात ते आधी बघितलं. तेच लवकर आणि बरोबर पोचले. माझे पहिले तीन प्रश्न मेसेजच्या आत डोकावून सुटतात, म्हणून ते हुशार भामट्याच्या हातात आहेत. चौथा त्याच्या हातात नाही.

फक्त बाहेर जायचं कुठल्या दाराने, हे ठरलेलं असावं लागतं. मेसेजमधल्या नंबरावर फोन करून "तुम्ही खरे का?" असं विचारणं म्हणजे चोरालाच पहाऱ्याचं विचारणं. आणि 'कस्टमर केअर' असं शोधून जो पहिला नंबर मिळेल तो लावायचा, हेही नाही, कारण तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. घरात आलेल्या जुन्या बिलावरचा नंबर, पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा, हे दरवाजे मेसेज यायच्या आधीपासून आपल्या घरात आहेत. विजेसाठी १९१२ आहेच. म्हणून दोन तासिकांच्या मध्ये एक रात्र हवी. गृहपाठ एवढाच, घरातलं वीज बिल शोधा, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर वहीत उतरवून आणा. निम्म्या घरांत बिल सापडायलाच तासभर लागतो, आणि रात्री साडेनऊला ते शोधत बसण्यापेक्षा आज शोधलेलं बरं.

लिंक असेल तर दार ओळखायची आणखी एक रीत मी फळ्यावर दाखवते. वाहतुकीच्या दंडाचा खरा पत्ता `echallan.parivahan.gov.in`. त्याखाली मी लिहिते `echallan.parivahan.gov.in.dand-bhara.example`. (.example हे शेपूट कुणालाच विकत मिळत नाही, उदाहरणांसाठीच राखलेलं आहे, त्यामुळे फळ्यावर लिहायला निर्धोक.) मुलं डावीकडून वाचतात आणि म्हणतात, सरकारी आहे. पत्त्याचा मालक उजव्या टोकाला असतो. सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे वाचायचं. आपण नाही का पाकिटावर 'जिल्हा' शेवटी लिहीत? गावाचं नाव काहीही असो, जिल्हा चुकला तर पत्र भलतीकडेच जातं.

पाचवा प्रश्न, सकाळपर्यंत थांबलो तर काय बिघडेल. विजेच्या बाबतीत उत्तर कायद्यातच आहे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आज संध्याकाळी मेसेज आणि आज रात्री अंधार, असं नियमाने होत नाही. हे सांगताना एका वर्षी मी जरा विनोदी सुरात म्हटलं, "कोण येणार हो रात्री साडेनऊला खांबावर चढायला?" वर्ग हसला. एक मुलगा हसला नाही. तास संपल्यावर तो थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमची खरंच तोडली होती. दोन महिने."

त्या दिवशी मला तो मेसेज नव्याने कळला. ज्याच्या घरी बिल वेळेवर भरलं जातं तो ते वाचून हसेल. ज्याच्या घरी खरंच थकलंय, पंधरा दिवसांची सूचना कधीची येऊन गेली आहे, त्याच्यासाठी प्रत्येक अक्षर खरं आहे. भामटा हजारोंना पाठवतो तो या थोडक्यांसाठी. आणि नेमक्या याच घराला माझा पाचवा प्रश्न लंगडा पडतो, कारण त्यांचं सकाळपर्यंत थांबण्याने बिघडूही शकतं. तेव्हापासून मी त्या कलमावर विनोद करत नाही. थकबाकी असलेल्या घरासाठी उत्तर चौथ्या प्रश्नात आहे, हे स्पष्ट सांगते. भरायचेत तर भरा, पण बिलावरच्या वाटेने, नाहीतर सकाळी खिडकीवर जाऊन.

दुसऱ्या तासिकेचा शेवटचा भाग मी पैशाच्या फसवणुकीपासून दूर नेते. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आमच्या भागातल्या मुलांना नावाने माहीत असतं, तपशिलाने नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. मोटरसायकलवरचे दोघं पोराला उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. तो शेवट कापून उरलेला तुकडा फिरवला गेला.

या मेसेजला पाच प्रश्न लावताना तिसऱ्यावर मुलं अडतात. पैसे मागत नाही, लिंक नाही, ओटीपी नाही. मग हवंय काय? बराच वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, "पुढे पाठवा." एवढंच क्रियापद. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, पुढे खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येऊ लागली आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मुलांना वाटतं दोन बाण म्हणजे खोटं. नाही, दोन बाण म्हणजे लांबून आलाय, ज्याने तयार केला तो आता कुणाच्याच ओळखीचा नाही. पाचवा प्रश्न इथे उलटा वळतो, सकाळपर्यंत मी पाठवला नाही तर कुणाचं काय बिघडेल, आणि पाठवला तर? इथे मी बोलत नाही. वर्गालाच वेळ देते.

घरी मोठ्यांना हे कसं सांगायचं, हा मुलांचा कायमचा प्रश्न. पहिल्या वर्षी एका मुलाने कुटुंबाच्या ग्रुपवर आजोबांच्या मेसेजखाली 'फेक आहे' असं लिहिलं आणि त्याला आठवडाभर फोन मिळाला नाही. आता सूचना अशी, की ग्रुपवर नाही, जवळ जाऊन, आणि विधान करायचं नाही, पाचांपैकी एक प्रश्न विचारायचा. "आजोबा, हे मुळात कुणी पाठवलं असेल हो?" आजोबा चष्मा लावून शोधायला लागतात. त्यातून त्यांचा मान राहतो आणि कधीकधी ते आपल्याआधी पकडतात. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर ओरडायच्या आधी १९३० लावायचा, नाहीतर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. घरात बोलणी बसतील म्हणून लपवलेला एक दिवस तिथे फार महाग पडतो.

या डिसेंबरात माझा फोन बिघडला म्हणून नवीन नंबर घेतला. सहलीचे पैसे गोळा करायचे होते, गाडीवाल्याला त्याच दिवशी आगाऊ रक्कम द्यायची होती. घाईत पालकांना मेसेज केला, सहलीचे ४५० रुपये आज संध्याकाळी सहापर्यंत या नंबरवर पाठवा, उशीर झाल्यास पाल्याचं नाव कमी केलं जाईल. संध्याकाळपर्यंत दोघांचे आले. सहानंतर शाळेच्या लँडलाइनवर फोन सुरू झाले, आणि शिपाईमामा वैतागून मला बोलवायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ९.३० वर बोट ठेवणाऱ्या मुलीची धाकटी बहीण, ती आता नववीत आहे, हातात वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. "मॅडम, तो मेसेज तुमचाच आहे का? बाबांनी विचारून यायला सांगितलंय. नंबर अनोळखी होता, सहाची घाई होती, आणि नाव कमी करू असं लिहिलं होतं."

मी तिच्या वहीत पेनाने सूचना लिहून दिली, खाली सही केली, आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आणायला तिलाच पाठवलं.